चार्ट काढणं हे ऑपरेटरचं काम?

'मुलगी बी.कॉम., ६२ टक्के. ठाण्याला राहतो. ऐरोलीच्या एका कंपनीने मुलाखतीत दोन वर्षांचे आकडे देऊन, नफा का घटला ते वॉटरफॉल चार्टवर दाखवायला सांगितलं. निवड झाली नाही. तिची शीट जोडली आहे. चार्ट काढणं हे ऑपरेटरचं काम. सीए कर, असं तुम्हीच तिला सांगा.' — एक वडील

तुमच्या पत्रात सीए आहे, टक्के आहेत. मुलीला काय करायचंय ते मात्र कुठेच नाही. ते विचारल्याशिवाय तुमचा निरोप मी तिच्यापर्यंत पोचवणार नाही. पदवीला ५५ टक्क्यांच्या वर असल्याने फाउंडेशन न देता ती थेट सीए इंटरमीजिएटला बसू शकते. ते दार उघडंच आहे.

आता 'ऑपरेटरचं काम'. वॉटरफॉल चार्टमध्ये पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंतची प्रत्येक वाढ-घट एकेका खांबाने दाखवतात. शीटमधले आकडे साधे आहेत. पहिल्या वर्षी १०,००० नग, विक्री ५०० रुपयांनी, कच्चा माल नगामागे ३००, स्थिर खर्च १२ लाख; नफा ८ लाख. दुसऱ्या वर्षी ११,००० नग, भाव ४९०, माल ३२०, स्थिर खर्च १२.५ लाख, नफा ६.२ लाख. तिने नफा-तोटा पत्रकासारख्या ओळी उचलल्या, लाखांत: विक्री +३.९, कच्चा माल −५.२, स्थिर खर्च −०.५. बेरीज चोख, पण उत्तर चुकलं. चार्ट बघणारा म्हणेल, कच्च्या मालाने घात केला. पण त्या ५.२ लाखांतले ३ लाख केवळ हजार नग जास्त खपले म्हणून लागले. तो तोटा नव्हे.

म्हणून खांब ओळींचे नकोत, कारणांचे हवेत. जास्तीचे १,००० नग गुणिले जुनं मार्जिन २०० म्हणजे +२ लाख. भाव १० रुपयांनी उतरला, गुणिले नवे ११,००० नग, −१.१ लाख. माल २० रुपयांनी महागला, गुणिले तेच ११,०००, −२.२ लाख. स्थिर खर्च −०.५. नफा आठ लाखांवरून बरोबर ६.२ वर उतरतो. आता दिसतं की धंदा वाढला होता. वाढलेलं सगळं महागाईने आणि सवलतीने खाल्लं. भाव आणि मालाचा फरक जुन्या १०,००० नगांना गुणला, तर शेवट ६.५ वर येतो आणि ३० हजारांची फट राहते. फट 'इतर' नावाच्या खांबात लपवणारे बरेच असतात. परीक्षक तिथेच बोट ठेवतो.

दुसरी चूक एक्सेलची. तिच्या चार्टमध्ये शेवटचा खांब ६.२ पासून १२.४ पर्यंत हवेत लटकलाय, कारण एक्सेलने तो आणखी एक वाढ धरला. त्या खांबावर एकदा क्लिक, थोडं थांबून पुन्हा क्लिक, म्हणजे तो एकटाच निवडला जातो. मग राइट क्लिक करून `Set as total`. खांब शून्यावर येऊन उभा राहतो. असा लटकता खांब तसाच पाठवला, की शेवटचा आकडा पाठवणाऱ्याने डोळ्यांखालून घातलाच नाही हे कळतं.

शीट तिला परत द्या आणि हेच आकडे कारणांनुसार पुन्हा मांडायला सांगा. नंतर तिनेच मला लिहावं, तुम्ही नाही.