मूळ हिंदी, मराठी डोकं

प्रश्न: "मला मराठी आणि हिंदी दोन्ही चांगल्या येतात, इंग्रजीही बऱ्यापैकी वाचतो. कादंबरी मूळ भाषेत वाचावी की अनुवादात? मूळच वाचायला हवी असं सगळे म्हणतात, ते खरं आहे का?"

या "सगळ्यां"मध्ये माझा थोरला भाऊ नक्की असणार. "अनुवाद वाचणाऱ्यांनी त्या पुस्तकावर मतं मांडू नयेत" हे त्याचं ठरलेलं वाक्य आहे, आणि कित्येक वर्षं ते मीही त्याच्या मागून म्हणत आलो. आता म्हणत नाही. त्याला कारण झाले दोन शब्द, गर्व आणि अभिमान.

एक हिंदी कादंबरी मी मूळ हिंदीत वाचली. नाव सांगत नाही, कारण पुढे शेवट फोडणार आहे. बाप आणि मुलगा यांच्यातल्या ताणाची गोष्ट. मला हिंदीची अडचण कधीच वाटली नाही. शाळेत शिकलो, सिनेमे पाहिले, बातम्या ऐकल्या. चारशे पानं आठ दिवसांत संपवली आणि शब्दकोश एकदाही उघडला नाही, याचं मला फार कौतुक होतं. तोच माझा दोष होता हे नंतर कळलं.

पहिल्याच प्रकरणात एक वाक्य आहे, साधारण असं: "पिताजी को उस पर बहुत गर्व था, पर उसमें अभिमान भी कम न था।" मी वाचलं आणि पुढे गेलो. माझ्या डोक्यात त्याचा अर्थ असा बसला की बाप जरा चढेल आहे, मुलाच्या नावावर फुगून बसणारा, पण मुलगाही कमी नाही, स्वाभिमानी आहे. बघा, "पण"सुद्धा नीट बसला. कुठे खटकलं नाही.

पुढची सगळी कादंबरी मी याच चष्म्यातून वाचली. मुलगा घर सोडून जातो, पत्रांना उत्तर देत नाही, आजारी बापाला भेटायला येत नाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो, वा, काय ताठ कण्याचा माणूस आहे! शेवटाकडे तो म्हणतो, "मेरे अभिमान ने सब कुछ नष्ट कर दिया।" मी त्याचा अर्थ लावला की स्वाभिमानाची किंमत त्याला मोजावी लागली. शोकांतिका, पण उदात्त. आणि मग शेवटच्या प्रकरणात तो बापाच्या पायाशी बसून रडतो, माफी मागतो. मला संताप आला. इतक्या स्वाभिमानी माणसाला लेखकाने शेवटी लोळण घ्यायला लावली! मी समासात पेन्सिलीने लिहिलं, "इथे लेखकाने कच खाल्ली."

काही महिन्यांनी घरात कादंबऱ्यांवर गप्पा निघाल्या. वहिनींनी तीच कादंबरी मराठी अनुवादात वाचली होती. दादाने नेहमीप्रमाणे नाक मुरडलं. मी तासभर मुलाच्या स्वाभिमानावर आणि बापाच्या चढेलपणावर बोललो. वहिनी ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही नक्की हीच कादंबरी वाचलीत ना?"

त्या उठल्या, अनुवाद घेऊन आल्या आणि पहिलं प्रकरण काढून माझ्यासमोर ठेवलं. तिथे लिहिलं होतं, "वडिलांना त्याचा फार अभिमान होता, पण त्याला गर्वही काही कमी नव्हता."

अनुवादकाने फक्त दोन शब्दांची अदलाबदल केली होती. बस्स, एवढंच. हिंदीत "गर्व" हा बहुतेक वेळा चांगल्या अर्थाने येतो, बापाला मुलाबद्दल वाटतो तो. आणि "अभिमान" ही घमेंड. मराठीत नेमकं उलटं. आपल्याकडे गर्वाचं घर खाली असतं आणि अभिमान गीतांत गायला जातो. (जाता जाता, हिंदी वाचकाला "गर्वाचं घर खाली" म्हणजे ते घर रिकामं आहे असं वाटेल.) बरं, हे दोन शब्द इतके पक्के उलटेही नाहीत. हिंदीत "अभिमान" कधीकधी चांगल्या अर्थानेही येतो, आणि मराठीत हल्ली हिंदीच्या संगतीने "सार्थ गर्व" दिसायला लागलाय. त्यामुळे नुसता शब्द पाठ करून भागत नाही, वाक्य कोणत्या बाजूला झुकलंय ते पाहावं लागतं. अनुवादकाने ते पाहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं, कारण मला हिंदी "येत" होतं.

म्हणजे चारशे पानं मी मूळ हिंदीत वाचलीच नाहीत. मीच मनात केलेला एक चुकीचा मराठी अनुवाद वाचला. आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच चुकीचा असल्यामुळे मला कधी शंका आली नाही. शंका यायला हवी होती ती शेवटी, पण तेव्हा मी दोष लेखकाला दिला. खूण हीच असते बघा. एखादं पात्र अचानक स्वभावाविरुद्ध वागतंय असं वाटलं, तर लेखकावर घसरण्याआधी मागे जाऊन त्याची ओळख करून देणारी दोन-चार वाक्यं पुन्हा वाचावीत.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. परकी भाषा कितपत येते हे मोजायची एक रूढ कसोटी आहे. शब्दसंपत्तीवर काम करणारे पॉल नेशन यांच्या २००६ सालच्या मांडणीत कादंबरी आधाराशिवाय समजायला तिच्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात असं धरलं आहे. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी चालतो. तीनशे शब्दांचं पान असेल तर सहा. इंग्रजीसाठी ही कसोटी लावा, उपयोगी आहे. मधली कुठलीही तीन पानं उघडा आणि अडलेले शब्द मोजा. पानाला सहा-सातच्या आत असतील तर मूळ घ्या. पंधरा-वीस अडत असतील तर तुम्ही कादंबरी वाचणार नाही, कोडं सोडवाल.

हिंदीला मात्र ही कसोटी फसवते. मला पानाला एकही शब्द अडत नव्हता. अडणारा शब्द बरा, निदान तो थांबवतो. न अडणारा शब्द गळा कापतो. "शिक्षा" म्हणजे हिंदीत शिक्षण, हे शाळेमुळे सगळ्यांना माहीत असतं. पण "चेष्टा" म्हणजे हिंदीत प्रयत्न, हे वेगात वाचताना किती जणांच्या लक्षात राहतं? "उसने बहुत चेष्टा की, पर पिता नहीं माने." मराठी डोक्यात लगेच थट्टा करणारा टवाळ पोरगा उभा राहतो. "संसार" म्हणजे तिथे जग, आपल्याकडे घर-नवरा-बायको-मुलं. भाषा जितकी जवळची तितका हा धोका मोठा. म्हणून हिंदी मूळ वाचायचं असेल तर हिंदी-हिंदी शब्दकोश जवळ ठेवा आणि न कळणारे शब्द सोडून कळतात असं वाटणारे संस्कृत शब्द त्यात बघा, विशेषतः माणसाच्या स्वभावाबद्दलचे. पहिली तीस पानं एवढं केलंत तरी पुरतं, कारण पात्रांची ओळख तिथेच करून दिलेली असते.

आता दादाच्या "मूळ"बद्दल, कारण ते राहवत नाही. तो रशियन कादंबऱ्या "मूळ" वाचतो. रशियन त्याला येत नाही, तो इंग्रजीत वाचतो. इंग्रजी म्हणजेच मूळ, असं धरून चालणारे आपल्यात भरपूर आहेत. पण रशियनमध्ये आपल्यासारखंच तू आणि तुम्ही वेगळं आहे, "ति" आणि "वि". दोन माणसं शंभर पानं एकमेकांना अहो-जाहो करतात आणि एका संध्याकाळी तिच्या तोंडून "तू" निसटतं, तेव्हा रशियन वाचकाला सगळं कळतं. इंग्रजीत आधीही "यू" आणि नंतरही "यू". चांगला अनुवादक तिथे आडनावाऐवजी पहिलं नाव वापरून वगैरे काहीतरी सावरतो, पण ठिणगी गेलेली असते. थेट रशियनवरून केलेल्या मराठी अनुवादात ती जशीच्या तशी येऊ शकते. म्हणजे इथे वहिनींचं मराठी पुस्तक दादाच्या इंग्रजीपेक्षा मुळाला जवळचं! हे मी त्याला सांगितलं तर म्हणतो, "पण इंग्रजी अनुवाद जास्त विश्वासार्ह असतात."

असतात का? जूल व्हर्नची ती समुद्राखालच्या सफरीची फ्रेंच कादंबरी घ्या. तिचा इंग्रजी अनुवाद १८७०च्या दशकात आला आणि पुढे पिढ्यान्पिढ्या छापला गेला. त्यात बराच मजकूर गाळलेला होता. आणि मूळ फ्रेंचमध्ये जिथे नेब्रास्कातल्या "बॅडलँड्स" या झिजलेल्या, ओसाड भूभागाचं नाव होतं, तिथे अनुवादकाने शब्दाला शब्द लावून "नेब्रास्काचा अप्रिय प्रदेश" करून टाकलं. हा अनुवाद पुढे ठेवून कुणी तिसऱ्या भाषेत गेला, की ती चूकही बरोबर जाणार.

म्हणून अनुवाद उचलताना आतल्या पानावर तो कशावरून केलाय ते बघा. मूळ रशियन किंवा फ्रेंच, आणि खाली फक्त इंग्रजी शीर्षक दिलेलं असेल, तर तो बहुधा इंग्रजीवरून आलेला असतो. तुम्हाला इंग्रजी येतंच, मग मधला एक टप्पा वाचवा आणि इंग्रजीच घ्या. तो थेट मूळ भाषेवरून असेल आणि मराठी वाहती असेल, तर बिनदिक्कत मराठी घ्या. अशा इंग्रजीवरून आलेल्या एका मराठी अनुवादात नायक-नायिका पहिल्या भेटीपासून अरे-तुरे करत होते. अनुवादक तरी काय करणार, त्याच्यासमोर सगळीकडे "यू"च होतं. प्रेमाची कबुली आली तेव्हा मला वाटलं, यांचं तर आधीच ठरलेलं होतं की.

एक-दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हिंदीवरून मराठीत आणणाऱ्याचं डोकंही माझ्यासारखंच असू शकतं. संवादांचं एखादं पान चाळा. "त्याने खूप चेष्टा केली" किंवा "तिची शिक्षा अपुरी राहिली" असं काही दिसलं, तर तो अनुवाद ठेवून द्या, तिथे शब्दकोश घेऊन मूळच बरं. आणि कादंबरी बोलीत असेल तर मी दादाच्या बाजूचा आहे. अनुवादक बोली एक तर सपाट प्रमाणभाषेत आणतो, नाहीतर तिला आपल्याकडची एखादी बोली चिकटवतो, आणि मग तो माणूस भलत्याच मुलखातला होऊन जातो. तिथे अडखळत का होईना, मूळच वाचावं. विनोदी कादंबरीचंही तेच.

दादाला हे शेवटचं तेवढं वाचून दाखवणार आहे, वरचं नाही.

ती हिंदी कादंबरी नंतर वहिनींनी वाचायला नेली. परत आली तेव्हा माझं "इथे लेखकाने कच खाल्ली" तसंच होतं. खाली त्यांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: "अनुवाद, पान ७ बघा."