उताऱ्यावरचे प्रश्न चुकतात तेव्हा चुकांच्या वहीत काय लिहायचं?

*नमस्कार मॅडम, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. उताऱ्यांवरच्या प्रश्नांत दहापैकी पाच-सहाच बरोबर येतात. रोज दोन-तीन उतारे सोडवते, पेपरही नियमित वाचते. उत्तरतालिका पाहिली की वाटतं, अरे, हे तर मला येत होतं! पण पुढच्या वेळी पुन्हा तेच. माझा वाचनाचा वेग कमी पडतोय का? अजून किती उतारे सोडवू?*

प्रिय विद्यार्थिनी,

उतारे वाढवू नकोस. उलट रोज एकावर ये आणि वाचलेला सगळा वेळ चुका तपासण्यात घाल. वेगाचं म्हणशील, तर अडचण खरंच वेगाची आहे की समजण्याची, हे तुझं तुलाच आठवड्याभरात कळेल. त्याची रीत पुढे सांगते.

आधी ‘हे तर मला येत होतं’ या वाक्याबद्दल बोलू, कारण माझ्या मते तुझी प्रगती तिथेच अडली आहे. एखाद्या घटनेचा शेवट कळला, की ‘असंच होणार हे दिसतच होतं’ असं माणसाला वाटू लागतं. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून हे दाखवून दिलं. शेवट सांगितलेल्या लोकांना तो शेवट आधीपासूनच जास्त शक्य वाटत होता, आणि शेवट कळल्यामुळे आपलं मत बदललंय याची त्यांना जाणीवही नव्हती. उत्तरतालिका बघताना हेच होतं. बरोबर पर्याय दिसला की तो उघड वाटतो, आपण दुसरा का निवडला होता ते डोक्यातून पुसलं जातं आणि वहीत ‘सिली मिस्टेक’ असं लिहून आपण पुढे जातो. चुकीचं खरं कारण तिथेच हरवतं.

म्हणून तालिका उघडण्याआधी दोन कामं कर. उतारा सोडवतानाच प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिही: ‘ख’ म्हणजे खात्री, ‘दो’ म्हणजे दोन पर्यायांत अडकले, ‘अं’ म्हणजे निव्वळ अंदाज. मग वेळ संपली की घड्याळ बाजूला ठेवून तोच उतारा सावकाश वाच आणि सगळे प्रश्न दुसऱ्या रंगाच्या पेनाने पुन्हा सोडव. तालिका त्यानंतर. पहिल्या खेपेला चुकलेलं निवांत वाचल्यावर बरोबर आलं, तर ती घाईची चूक. दोन्ही खेपांना चुकलं, तर वेगाचा दोष नाही, तो मजकूर किंवा प्रश्न तुला समजलेला नाही. बऱ्याच जणांना वाटतं आपल्या चुका घाईच्या आहेत, आणि दुसऱ्या रंगाचं पेन वेगळंच सांगतं.

आता एक उदाहरण नीट पाहू. मी एक छोटा उतारा लिहिते.

‘जंगलात लागणारी प्रत्येक आग विझवलीच पाहिजे, असे धोरण काही देशांनी अनेक दशके राबवले. त्यामुळे लहान वणवे कमी झाले. मात्र एरवी अशा वणव्यांत जळून जाणारा पालापाचोळा आणि वाळकी झुडपे जमिनीवर साठत गेली. परिणामी कोरड्या वर्षी लागलेली आग पूर्वीपेक्षा उग्र रूप धारण करू लागली. म्हणून काही वनतज्ज्ञ ठरावीक क्षेत्रात मुद्दाम नियंत्रित आग लावण्याचा आग्रह धरतात. अर्थात वस्तीजवळच्या जंगलांत धुराचा त्रास आणि आग हाताबाहेर जाण्याची भीती असल्याने हा उपाय सर्वत्र सारखाच योग्य ठरेल असे नाही.’

प्रश्न: वरील उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष निघतो?

(अ) जंगलातील आगी विझवणे थांबवले पाहिजे.
(ब) तापमानवाढीमुळे वणवे अधिक उग्र होत आहेत.
(क) धोका टाळण्यासाठी केलेला उपाय पुढे मोठ्या धोक्याला कारण ठरू शकतो.
(ड) नियंत्रित आग हा वणवे रोखण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

उत्तर (क). पण नियमित पेपर वाचणारी मुलं इथे हमखास (ब)वर जातात, कारण ते त्यांनी वाचलेलं असतं आणि खरंही असतं. या उताऱ्यात मात्र तापमानाचा उल्लेखच नाही. उग्रतेचं कारण म्हणून लेखकाने साठलेला पालापाचोळा दिला आहे. (ड) निवडणाऱ्यांनी शेवटचं वाक्य वाचलेलं असतं, पण ‘अर्थात’नंतर लेखकाने आपल्याच मुद्द्याला जी मर्यादा घातली, ती त्यांच्या मनात उतरलेली नसते. ‘सर्वांत’ हा शब्द त्या मर्यादेपुढे टिकत नाही. (अ) हा सल्ला आहे. लेखकाने जुन्या धोरणाचा दुष्परिणाम दाखवला, पण आगी विझवूच नका असं तो कुठेही म्हणत नाही. उरला (क). तो मोघम वाटतो, त्यात ‘वणवा’ हा शब्दही नाही, म्हणून बरेच जण त्याला पहिल्याच फेरीत काट मारतात. पण पहिल्या चार वाक्यांत जे घडलं तेच त्यात सामान्य भाषेत सांगितलंय, आणि ‘ठरू शकतो’ एवढाच माफक दावा केलाय. निष्कर्षाच्या प्रश्नांत असा माफक पर्याय लगेच खोडायचा नाही, ही सवय लावून घे.

समज, तू (ब) निवडला होतास. वहीत नोंद अशी हवी: ‘(ब) निवडला, कारण वणवे आणि तापमानवाढ यांचा संबंध मला माहीत होता. उताऱ्यातलं कारण: पालापाचोळा साठला, वाक्य ३ आणि ४. माझा पर्याय पडतो तो शब्द: तापमानवाढ, उताऱ्यात नाही. प्रकार: बाहेरची माहिती. खूण: ख.’ पहिला भाग, म्हणजे मी हे का निवडलं, तो तालिकेतलं स्पष्टीकरण वाचण्याआधी लिहायचा. स्पष्टीकरण वाचल्यावर लिहिलंस तर तू स्वतःचं कारण न लिहिता त्यांचं कारण उतरवशील. ‘लक्ष नव्हतं’, ‘सिली’ हे शब्द या वहीत येऊ द्यायचे नाहीत. लक्ष नेमकं कोणत्या शब्दावरून सुटलं, ते लिहायचं. आणि ‘दो’ किंवा ‘अं’ खूण असून बरोबर आलेले प्रश्नही असेच तपासायचे. त्यांत नशिबाने मिळालेले गुण असतात आणि ते परीक्षेच्या दिवशी मिळतीलच असं नाही.

प्रकार फार पाडू नकोस, चार पुरेत: बाहेरची माहिती घातली, ‘सर्व’, ‘केवळ’, ‘काही’, ‘शकतो’ असा मर्यादेचा शब्द सुटला, प्रश्नच चुकीचा वाचला, म्हणजे विचारलं होतं गृहीतक आणि शोधला मध्यवर्ती विचार, किंवा वाक्यच कळलं नाही. तीस-चाळीस चुका जमल्या की मोजून बघ. सहसा निम्म्याहून अधिक चुका एका-दोन प्रकारांत येतात. पहिल्या तीन प्रकारांवर उपाय वहीतच आहे. निवडलेल्या पर्यायासाठी उताऱ्यातल्या वाक्यावर बोट ठेवता आलं पाहिजे, एवढा नियम पाळलास तरी काही आठवड्यांत फरक दिसतो.

चौथ्या प्रकारावर मात्र वाचनाशिवाय इलाज नाही, आणि तिथे तुझं रोजचं पेपरवाचन अपुरं पडतंय. बातमी सरळ असते. काय झालं, कुठे झालं, कोण काय म्हणालं. उताऱ्यात एक दावा, त्याचा आधार, मग विरोधी मत, मग त्यालाही मर्यादा अशी रचना असते, आणि विषय बहुधा तुझ्या ओळखीचा नसतो. ओळखीचा विषय किती फरक पाडतो, ते डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ सालच्या अभ्यासात दिसतं. त्यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल कळणारी मुलं त्या मजकुराबाबत वाचनात पक्क्या पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणून वाचन मुद्दाम वेगवेगळ्या क्षेत्रांत कर, आणि जो विषय टाळावासा वाटतो त्यालाच आठवड्यात दोन दिवस दे. त्या ओळखीचा उपयोग उतारा समजायला करायचा, उत्तर निवडायला नाही, हे वर (ब)मध्ये आपण पाहिलंच.

रोज अर्धा-पाऊण तास, एकच लेख, साधारण ६०० ते ८०० शब्दांचा. एक दिवस अर्थकारण, एक दिवस विज्ञान, मग कायदा किंवा राज्यशास्त्र, इतिहास, एखादा तात्त्विक निबंध. परीक्षेत उतारे ज्या भाषेत येतात, त्या भाषेतलं वाचन निम्म्याहून कमी नको. लेख सलग वाच, अधेमधे शब्दकोश उघडू नकोस. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारून पुढे जा. मग लेख मिटव आणि तीन ओळी लिही: लेखकाचा दावा काय, आधार काय, आणि ‘मात्र’, ‘तथापि’, ‘अर्थात’ म्हणून त्याने कुठे हात आखडता घेतला. मग लेख उघडून ताडून बघ. तिसरी ओळ सुचतच नसेल, किंवा लेखकाने खोडलेलं मत तू त्याचंच म्हणून लिहिलं असशील, तर परिच्छेदाचं वळण निसटतंय. तिथलंच एक लांब वाक्य घे आणि कर्ता, क्रियापद, ‘जो-तो’, ‘जरी-तरी’ वेगळं करून दोन-तीन छोट्या वाक्यांत मांड. हे काम कंटाळवाणं आहे, तरीही कर. यातून फळ यायला मात्र महिने लागतात, त्यामुळे दर आठवड्याला गुण मोजत बसू नकोस.

सरावासाठी तुझ्या परीक्षेच्या मागच्या वर्षांच्या खऱ्या प्रश्नपत्रिका वापर. बाजारातल्या सराव संचांत दोन पर्याय बरोबर ठरतील असे प्रश्न बऱ्याचदा निघतात. तालिकेचं उत्तर उताऱ्यातल्या वाक्याने पटत नसेल, तर एखाद्या जाणकाराला दाखव, आणि तरीही पटलं नाही तर तो प्रश्न सोडून दे. त्यावरून चुकीचा नियम मात्र शिकू नकोस. सोडवलेला उतारा तीन-चार आठवड्यांनी वही न बघता पुन्हा सोडव. उत्तर आठवलं तरी चालेल, पण बाकीचे तीन पर्याय का चुकीचे ते तोंडी सांगता आलं पाहिजे.

आणि ‘ख’, ‘दो’, ‘अं’ या खुणांचा हिशेब महिन्याच्या शेवटी कर. तुझ्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होत असतील, तर चारपैकी एक बरोबर आला की फायदा-तोटा शून्य होतो. ‘दो’ खुणेच्या प्रश्नांत तू निम्म्याच्या आसपास बरोबर येत असशील, तर ते सोडवायचेच. ‘अं’ चारात एकाच्याही खाली असतील, तर ते कोरे ठेव. ‘ख’ खुणेचे मात्र दहापैकी तीन-चार चुकत असतील, तर ती पानं आधी काढून बघ. त्यांत बहुतेक ‘बाहेरची माहिती’ हाच प्रकार सापडेल असा माझा अंदाज आहे. महिन्याभराने वहीतली मोजदाद मला कळव, म्हणजे पुढचं वाचन त्यानुसार ठरवू.