गुलाबी काचांसाठी साडेबावीस हजार खर्च करावेत का?

प्रश्न: मी पुण्यात एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. हातात ४८,००० रुपये पगार येतो. मायग्रेनमुळे महिन्याला दोन रजा बिनपगारी होतात आणि ट्यूबलाइटखाली त्रास वाढतो. चष्म्याच्या दुकानात गुलाबी छटेचा नंबरचा चष्मा १२,५००, बाहेरचा गडद चष्मा ६,००० आणि मॉनिटरचा फिल्टर ४,००० रुपये सांगितला आहे. नऊ महिन्यांचे बिनव्याजी हप्ते मिळतील. आपत्कालीन निधी ७०,००० आहे. घ्यावे का?

उत्तर: या तीन वस्तूंची लायकी सारखी नाही, त्यामुळे त्यांचा एकत्र सौदा करू नये. फिल्टर घेऊ नका, गडद चष्म्याची घाई करू नका, आणि गुलाबी चष्मा चाचणी घेतल्यानंतरच, रोख पैसे देऊन घ्या.

गुलाबी छटेमागे खरा आधार आहे. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी पाहण्यासाठी नव्हे, तर उजेडाची तीव्रता मेंदूला कळवण्यासाठी असतात. त्या सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मायग्रेनमध्ये उजेड खुपण्याशी त्यांचा संबंध आढळला आहे. एफएल-४१ नावाची छटा निळ्या-हिरव्या पट्ट्यातला प्रकाश कमी करते. १९९१ साली इंग्लंडमध्ये मायग्रेन असलेल्या २० मुलांवर तिची चाचणी झाली, तेव्हा चार महिन्यांत झटके महिन्याला सरासरी ६.२ वरून १.६ वर आले. आकडा आकर्षक आहे, पण मुले फक्त २० होती, म्हणून ‘मदत होऊ शकते’ यापलीकडचा निष्कर्ष मी त्यावरून काढणार नाही. शिवाय एफएल-४१ हे नाव घेऊन कोणतीही गुलाबी काच विकता येते, तेव्हा दुकानदाराकडे काचेतून कोणता प्रकाश किती जातो याचा आलेख मागा. ४८० ते ५२० च्या आसपास स्पष्ट खड्डा दिसला नाही, तर तो केवळ रंग आहे.

आता हिशेब. दोन रजांपोटी तुमचे महिन्याला सुमारे ३,२०० रुपये जातात. चष्म्याने दर दोन महिन्यांत एक रजा वाचली, तर महिन्याला सरासरी ८०० रुपये वाचतील आणि १२,५०० रुपये जवळपास १६ महिन्यांत वसूल होतील. तिन्ही वस्तू घेतल्या, तर तेवढ्याच बचतीत २८ महिने लागतील, आणि तोवर तुमचा नंबर बदललेला असू शकतो. म्हणून आधी चष्म्यावर अडकवायची त्याच छटेची बिननंबरी क्लिप मिळते का ते पाहा, किंवा परतीची मुदत लेखी घ्या. चाचणी मासिक पाळीच्या किमान दोन चक्रांची हवी, कारण झटके पाळीशी जोडलेले असतील तर एका महिन्याची तुलना फसवी ठरते. नव्या चष्म्याच्या उत्साहात पहिले दोन आठवडे बरे वाटतेच. चाचणीआधीचे दोन महिने आणि चाचणीचे दोन महिने, रोज झटका, वेदनाशामक गोळी आणि रजा यांची नोंद ठेवा. निर्णय त्या वहीवर घ्या, आठवणीवर नको.

फिल्टर नको म्हणतो, कारण मॉनिटरचा उजेड कमी करणे फुकट आहे, आणि निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांच्या १७ चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये घेतलेला आढावा पाहता संगणकावरचा डोळ्यांचा ताण त्यांनी अल्पकाळात कमी होतो असे दिसत नाही. मायग्रेनचा प्रश्न त्याहून वेगळा आहे, पण त्या आढाव्यानंतर ४,००० रुपये देण्याचे कारण मला सापडत नाही. शिवाय तुमची तक्रार डोक्यावरच्या ट्यूबची आहे. जुन्या ट्यूब व चोकमध्ये, तसेच स्वस्त एलईडीमध्ये, प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो; डोळ्यांना तो लुकलुकताना दिसत नाही, तरी डोकेदुखी वाढू शकते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहा, सरकणारे काळे पट्टे दिसले तर दिवा किंवा बसायची जागा बदलून मागा. चष्म्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडेल.

गडद चष्मा उन्हात ठीक, पण घरात नाही: डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही जास्त खुपू लागतो. गुलाबी चष्म्यातही रंग नीट ओळखता येत नाहीत, म्हणून रात्री गाडी चालवताना तो काढा.

हप्त्यांबद्दल एवढेच, की ‘बिनव्याजी’ हप्त्यात प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो, व रोखीची सवलतही हुकते. आपत्कालीन निधी तुमच्या दीड महिन्याच्या पगाराएवढाही नाही. महिन्याला २,५०० बाजूला टाकलेत, तर पाच महिन्यांत चष्मा त्याला हात न लावता येईल, आणि चाचणीही तोवर संपलेली असेल. आरोग्य विम्यात चष्म्याचा खर्च साधारणतः मिळत नाही.

यातला पहिला खर्च मात्र नेत्रतज्ज्ञाच्या तपासणीचा ठेवा, कारण डोळ्यांचा कोरडेपणाही उजेड खुपवतो. महिन्यात दहा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळ्या लागत असतील, तर गोळ्यांनीच डोकेदुखी वाढलेली असू शकते, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टची भेट चष्म्याच्या आधी घ्या.