देशाचं नावच नसलेलं तिकीट: आधी चलन वाचा

प्रश्न: जुन्या डब्यात एक हिरवं तिकीट सापडलं. दाट कल्लेवाल्या माणसाचं डोकं आहे, खाली ३ आणि पुढे एस-एल-डी एवढंच. देशाचं नाव कुठेच नाही. कुठलं असेल?

उत्तर:

तिकीट ऑस्ट्रियाच्या पोस्टाचं आहे पण ते ऑस्ट्रियात वापरायचं नव्हतं. तुर्की साम्राज्यात ऑस्ट्रियाची स्वतःची पोस्ट ऑफिसं होती, कॉन्स्टँटिनोपल, स्मिर्ना, बैरूत वगैरे बंदरांत, त्यांच्यासाठी 1867 साली ही मालिका काढली होती. एस-एल-डी म्हणजे सोल्दी, आणि तुमचं कोडं त्या तीन अक्षरांनीच सुटतं.

कसं ते सांगतो, कारण डब्यात अशी अजून निघाली तर हीच रीत कामाला येईल.

मी पहिल्यांदा लिपी बघतो. रशियन वळणाची अक्षरं असतील तर रशिया, सर्बिया, बल्गेरिया अशी यादी लगेच आखडते, ग्रीक असेल तर बहुतेक ग्रीसच. तुमच्या तिकिटावर रोमन लिपी आहे, म्हणजे अर्धा युरोप मोकळाच राहिला, त्यामुळे लिपीने इथे फार काही मिळत नाही. मग चित्र. कल्ले, मिशा, मण्यांच्या गोलात बाजूने दिसणारा चेहरा, हा सम्राट फ्रान्झ जोसेफ. आणि बहुतेक लोक इथेच थांबतात, चेहरा ओळखला की ऑस्ट्रिया म्हणून मोकळे होतात. पण एकच चेहरा तीन ठिकाणच्या तिकिटांवर आहे, म्हणून चेहऱ्यावर थांबून चालत नाही.

आता भिंग घ्या आणि खालची किंमत वाचा. ऑस्ट्रियाच्या आतल्या वापराच्या तिकिटावर आकड्यापुढे के-आर असतं, म्हणजे क्रॉयझर. तुर्कस्तानातल्या ऑफिसांच्या तिकिटावर एस-एल-डी. बाकी डिझाइन तेच, आणि खरा घोळ असा की रंगही तेच ठेवले होते, दोन्हीकडे ३ हिरवं, ५ लाल, १० निळं, १५ तपकिरी. म्हणजे रंगावरून काहीच ठरत नाही.

सोल्दी का, हे कळलं की हा फरक डोक्यात पक्का बसतो. उत्तर इटलीतला लोंबार्दी आणि व्हेनिसचा मुलूख ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता आणि तिथलं चलन वेगळं, म्हणून तिथे डिझाइन ऑस्ट्रियाचंच पण किंमत स्थानिक नाण्यात अशी तिकिटं निघायची. 1850च्या पहिल्या तिकिटांवर ऑस्ट्रियासाठी क्रॉयझर आणि इटलीतल्या भागासाठी सेंतेस, 1858 पासून तिकडे सोल्दी. पुढे 1859 मध्ये लोंबार्दी गेलं, 1866 मध्ये व्हेनिसही गेलं, मुलूख हातातून गेला पण हीच सोल्दीची तिकिटं त्याआधीपासून पूर्वेकडच्या बंदरांतल्या ऑफिसांत चालत होती, म्हणून 1867 ला नवी मालिका काढली तेव्हा त्या ऑफिसांसाठी सोल्दीच ठेवलं. म्हणजे 1867चं हे डोकं आणि एस-एल-डी असं दिसलं की इटली डोक्यातून काढून टाका, तेव्हा तिथे ऑस्ट्रियाचं पोस्टच उरलं नव्हतं.

तिसरं ठिकाण हंगेरी. 1871 मध्ये हंगेरीने स्वतःची पहिली तिकिटं काढली, त्यावरही हाच सम्राट, चलनही के-आरच, नाव तिथेही नाही. इथे चलन उपयोगाचं नाही, डिझाइन बघावं लागतं: चित्राच्या खाली हंगेरीचं मुकुटासकट राजचिन्ह असतं, ऑस्ट्रियाच्या तिकिटावर ते नसतं. आणि 1867 ते 1871 या काळात हंगेरीत ऑस्ट्रियासारखीच के-आरची तिकिटं चालायची, ती ओळखायला शिक्क्यावरच्या गावाच्या नावाशिवाय दुसरा मार्ग नाही.

शिक्क्याचं महत्त्व मला उशिरा कळलं. माझ्याकडे एक निळं १० वालं होतं, शिक्क्याची काळी शाई नेमकी किमतीवर सांडलेली, आकडा दिसत होता, पुढची अक्षरं नाही. मी ते कितीतरी वर्षं ऑस्ट्रियाच्या पानावर लावून ठेवलं होतं. मग एकदा ते चिमट्याने उचलून तिरक्या उजेडात धरलं तर शिक्क्याच्या कडेला एस, एम, आय, आर अशी अक्षरं सरळ वाचता आली, पुढचं कापलेलं. स्मिर्ने, म्हणजे स्मिर्नाचं इटालियन नाव. मग परत किमतीकडे गेलो आणि आता काय शोधायचं ते माहीत असल्यामुळे शाईखाली शेवटच्या डीची उभी काठी दिसली. या ऑफिसांच्या शिक्क्यांवर बऱ्याचदा गावाचं नाव इटालियनमध्ये असतं, जेरुसलेमचं जेरुसालेम्मे तसं, त्यामुळे नुसतं इटालियन नाव बघून इटली समजू नका, गाव नकाशावर शोधा.

तुमच्या तिकिटाचं साल अजून थोडं जवळ आणायचं असेल तर कल्ल्यांचे केस बघा. आधीच्या छपाईत ते जाड, एकमेकांत चिकटलेले दिसतात, 1870च्या दशकातल्या नंतरच्या छपाईत एकेक केस वेगळा मोजता येतो. एकटं तिकीट हातात असेल तर आपलं कुठलं हे ठरवणं अवघड जातं, पण शेजारी दुसऱ्या छपाईचं एखादं के-आरवालं ठेवलं तरी फरक झटकन दिसतो, कारण दोन्ही मालिकांत चेहरा तोच आहे. आणि तिकीट उजेडासमोर धरल्यावर कागदात एखाद्या मोठ्या अक्षराचा तुकडा दिसला तर गोंधळू नका, तो वॉटरमार्क आहे, पूर्ण शीटच्या मधोमध ब्रीफ-मार्केन अशी अक्षरं होती त्यातला. त्याने देश ठरत नाही कारण तो दोन्हीकडे आहे, आणि तो दिसला नाही म्हणून तिकीट खोटंही ठरत नाही, शीटच्या कडेच्या तिकिटांवर तो येतच नाही.

चलनाची ही युक्ती फक्त ऑस्ट्रियाला लागू आहे असं नाही. डेन्मार्कच्या 1854च्या तिकिटांवर मुकुट, राजदंड आणि तलवार आहे, किंमतीत आकडा आणि एस म्हणजे स्किलिंग. अगदी तेच चित्र, पण खाली ३ सेंट्स असं छापलेलं असेल तर ते डॅनिश वेस्ट इंडीजचं, म्हणजे कॅरिबियन बेटांचं. स्पेनच्या राणी इसाबेलाच्या तिकिटांचंही तसंच आहे, क्वार्तोस असेल तर स्पेन, आणि रेआल प्लाता फुएर्ते असं आखूड करून लिहिलेलं असेल तर क्यूबा किंवा पोर्तो रिको. मालक देश एक ब्लॉक सगळीकडे वापरायचा, फक्त पैसे बदलायचा, कारण पैसे तिथलेच लागणार.

तुमच्या तिकिटावर शिक्का आहे का? असेल तर जेवढी अक्षरं वाचता येतात तेवढी तशीच्या तशी टाका, अर्धवट असली तरी चालतील, गाव बहुतेक निघेल. आणि कृपया ते कागदावरून सोडवायला लगेच पाण्यात टाकू नका, पाकिटाच्या तुकड्यावर असेल तर शिक्क्याचा उरलेला अर्धा भाग त्या तुकड्यावरच असणार आहे.