पीएचडी सोडायची आहे, सरांना कसं सांगू?

"मॅडम, पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे, पण आता पुढे करायची नाही. सरांनी माझ्यासाठी खूप केलंय. कुठल्या तोंडाने सांगू? दोन महिने त्यांचे फोनच उचलले नाहीत."

ही मुलगी रत्नागिरीची. भाट्ये खाडीच्या कांदळवनातले खेकडे हा तिचा विषय. देवगडला शाळेत नोकरी लागली होती आणि घरी पगाराची निकड होती. मुदतवाढ मिळाली तर कराल का, असं मी एकदाच विचारलं. ती ठामपणे नाही म्हणाली, तेव्हा तो विषय मी तिथेच सोडला.

मग तिला जागांचं गणित सांगितलं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि प्राध्यापकाला आठच विद्यार्थी घेता येतात. नोंदणी रद्द होईपर्यंत तिची जागा अडलेली राहते. माझ्या पाहण्यात गाईड दुखावतात ते सोडण्यापेक्षा न कळवण्याने. विभागप्रमुखांकडून बातमी कळली तर आणखीच. म्हणून आधी सरांना, तेही समोर बसून सांगायचं.

सर म्हणालेच, "सहा महिने थांब." हे येणार हे धरून आम्ही उत्तर ठरवलं होतं: "सर, निर्णय झालाय. हातातलं काम कसं सोपवू, ते विचारायला आलेय." त्यानंतर बोलणं कामाकडे वळलं. बाटल्यांमधल्या नमुन्यांवर ठिकाण, तारीख, भरती की ओहोटी हे लिहून द्यायचं, नोंदवह्या प्रयोगशाळेत ठेवायच्या. अर्धवट शोधनिबंध कोण पुरा करणार आणि नावांचा क्रम काय, हेही तेव्हाच ठरलं. रात्री तिने ते सगळं सरांना ईमेलने कळवलं.

अर्जाचा तिचा पहिला मसुदा तीन पानी होता. आईचं आजारपण, बंद पडलेला सूक्ष्मदर्शक, सगळं त्यात. हा कागद फाइलमध्ये कायमचा राहतो, म्हणून आम्ही तो एवढाच ठेवला: "वैयक्तिक कारणास्तव मी अमुक तारखेपासून संशोधन थांबवत आहे. माझी नोंदणी रद्द करावी. मार्गदर्शकांशी चर्चा केली असून नमुने व नोंदी विभागाकडे सुपूर्द केल्या आहेत. आजवरच्या मार्गदर्शनाबद्दल ऋणी आहे." (छळ हेच कारण असेल तर मात्र तो असा झाकू नये. त्याची तक्रार वेगळी आणि लेखी करावी.)

अर्ज मार्गदर्शकांच्या सहीने विभागप्रमुखांमार्फत विद्यापीठात गेला. तिला फेलोशिप होती, म्हणून मंजुरीपत्रातली परताव्याची अट आधी वाचली आणि सोडण्याची तारीख फेलोशिप कार्यालयालाही कळवली. त्या तारखेनंतरचा हप्ता खात्यात आला तर तो परत करावा लागतो. ग्रंथालय, प्रयोगशाळा, लेखा विभाग यांचे ना-देय दाखले झाले, मूळ प्रमाणपत्रं हातात आली.

नोंदणी रद्द झाल्याचं पत्र मात्र रखडलं होतं. ते मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका, असं मी तिला बजावलं. पुढे दुसरीकडे पीएचडीला नाव नोंदवायचं झालं, तर जुनी नोंदणी चालू दिसल्याने अर्ज अडू शकतो.