बाहुली मोठी करणारे थेंब : पहिल्यांदा जाताना

मधुमेहामुळे मी दरवर्षी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घेतो, त्या अनुभवावरून आपल्याला मोजकेच सांगतो. या तपासणीआधी डोळ्यांत घातले जाणारे ट्रॉपिकामाइडचे थेंब क्षणभर चुरचुरतात आणि बाहुली पूर्ण मोठी व्हायला साधारण अर्धा तास लागतो. लांबचे बरेचसे दिसत राहते, पण जवळचे अक्षर पुसट होते; हा धूसरपणा बहुधा चार ते सहा तास टिकतो, म्हणजे सकाळी अकराला थेंब घातले तर संध्याकाळपर्यंत वाचनाची कामे ठेवू नयेत.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे स्वतःची दुचाकी घेऊन येणे. मोठी बाहुली आकुंचन पावत नसल्याने ऊन थेट डोळ्यांत घुसते आणि समोरच्या गाडीचा दिवा दिपवून टाकतो. त्यामुळे

- काळा चष्मा व कडेची टोपी बरोबर न्यावी;
- सोबत कोणीतरी असावे, नाहीतर रिक्षा आधीच ठरवावी, कारण नंतर मोबाइलवरचा ओटीपीसुद्धा वाचता येत नाही (हा माझा स्वानुभव).

काचबिंदू असल्यास किंवा डोळ्याचा कोन अरुंद असल्याचे पूर्वी सांगितले गेले असल्यास थेंबांपूर्वीच कळवावे. घरी आल्यावर डोळा तीव्र दुखू लागला, लाल झाला, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसली किंवा उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्वरित डॉक्टरांकडे जावे.