ओट्स चालतील, पण कुठले?

सीलिअ‍ॅक म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार. ओट्समध्ये मुळात ग्लुटेन नसतं. त्यातलं अ‍ॅव्हेनिन हे वेगळं प्रथिन बहुतेक सीलिअ‍ॅक रुग्णांना चालतं, मोजक्यांना तेही सोसत नाही. खरी अडचण भेसळीची: शेत, मळणीयंत्र, ट्रक, गोदाम सगळं गहू-जवाबरोबर सामाईक असतं.

हिशोब बघा. ग्लुटेन-फ्री म्हणायची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम ओट्समागे १ मिलिग्रॅम. गव्हाच्या एका दाण्यात साधारण ४ मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. वाटीभर ओट्समध्ये एकच दाणा आला तरी मर्यादेच्या चौपट! शिवाय दाणे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. एक वाटी निर्धोक, दुसरी नाही. त्यामुळे ‘मागच्या वेळी काही झालं नाही’ याला अर्थ नाही. त्रास जाणवला नाही तरी आतड्याला इजा होऊ शकते.

म्हणून सुटे ओट्स नकोत, ग्लुटेन-फ्री छापलेलं पाकीटच घ्या. तेही टीटीजी ही सीलिअ‍ॅकची रक्तचाचणी नॉर्मल आल्यावर, डॉक्टरांना विचारून, थोड्या प्रमाणात. आणि ते गल्लीतल्या गिरणीत दळू नका, जात्यात आधीच्या गव्हाचं पीठ उरतंच. जळगाव-धुळ्याकडच्या कळण्याच्या भाकरीची ज्वारी-उडीदही घरीच दळा.